पत्रकातून काढलेली ओळ

त्या दुपारी विचुंबे गावातल्या आमच्या खोलीत उजेड टोचत होता. मैत्रिणीने खिडकीला चादर लावली, तरी तिच्या विणीतून बारीक सुया आत येऊन भिंतीवर पोहत राहिल्या. डोकं फुटत होतं. तापात खोली संथ तरंगत होती आणि कर्नाळा किल्ल्याचा सुळका माझ्या उशाशी येऊन बसला होता.

मान वाकत नव्हती, पण त्याचं आम्हाला नवल नव्हतं. आठवडाभर दोघी आमच्या संघटनेची डेंग्यूची पोस्टरं चिकटवत होतो, माना वर करकरून.

"पोस्टरमान," मैत्रीण म्हणाली. "युनियन काढू आपण."

तापासाठी तिने आमचंच पत्रक वाचलं. मीच लिहिलेलं. ताप? घाबरू नका! आराम करा, पाणी प्या, दोन दिवसांत न उतरल्यास डॉक्टरांकडे जा.

"आज पहिलाच दिवस. उद्या बघू."

मी हो म्हटलं. छापलेलं होतं ना!

पत्रकांचा गठ्ठा न्यायला गावात घरोघर आरोग्याचं काम करणारी आशाताई आली. तिने चादर बाजूला केली, मी किंचाळले.

"उजेड सोसत नाय? हनुवटी छातीला लाव बघू."

हनुवटी वाटेतच अडली. पाठीतून कळ गेली.

"पोस्टरं लावून मान दुखंल गो, पन ताप कसा येल? नि उजेड कसा खुपंल? उठव हिला. आत्ताच्या आत्ता हास्पिटल."

"ताई, आधी जवळच्या डॉक्टरकडे..." मैत्रीण म्हणाली.

"नाय. रिक्षा बोलाव."

डोळ्यांवर ओढणी बांधून मला नेलं. रस्ता नव्हताच, नुसते हॉर्नचे रंग होते. हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीतल्या डॉक्टर बाईंचा आवाज पाण्याखालून आला: मेंदूच्या आवरणाला सूज असू शकते. नसेलही, ते तपासणी सांगेल. पण तोवर थांबायचं नसतं, यात तास मोजतात. अंगावर पुरळ नाही म्हणूनही थांबायचं नाही. रक्त घेतलं, रिपोर्ट यायच्या आधीच शिरेतून अँटिबायोटिक सुरू केलं. मग कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपवलं आणि कमरेत मणक्यांमधून सुईने पाणी काढलं. संशय खरा निघाला.

बरी होत असताना आठवलं. पत्रक लिहिताना आशाताईने एक ओळ सुचवली होती: तापासोबत मान आखडली, उजेड सोसेना, तर लगेच हॉस्पिटल. मी ती काढली. उगारलेल्या मुठीच्या चित्राला जागा हवी होती. दुसऱ्यांच्या हलगर्जीपणावर मी चौकाचौकात ओरडत आले, आणि हा माझा!

आशाताई भेटायला आली तेव्हा मी माफी मागितली. ती म्हणाली, "मूठ चांगली काढलीस हो."

नव्या पत्रकात मूठ नाही, ती ओळ सगळ्यात वर आहे. छापखान्यात प्रेसवाला माझ्या शेजारी बसून म्हणाला म्हणे, मजकूर जास्त होतोय, एक ओळ उडवा. मला ते मैत्रिणीने नंतर सांगितलं. तो माझ्या डाव्या बाजूला होता, आणि त्या आजारापासून त्या कानाने मला ऐकू येत नाही.