हळू आवाजाचा प्रसंग

पार्सल उघडलं तेव्हा बाहेर बँकेच्या काउंटरवर भरवेलीच्या खाणकामगारांची झुंबड होती. पगाराचा आठवडा होता. मॅनेजरसाहेबांनी केबिनचं दार लावून घेतलं आणि जाड पुठ्ठ्याचे मोठे तक्ते टेबलावर पसरले. वर कड्या होत्या. स्टँडला टांगायचे आणि बोलता बोलता एकेक उलटत जायचं. पहिल्या तक्त्यावर काउंटरमागे हसणारा गुळगुळीत चेहऱ्याचा माणूस होता आणि खाली लिहिलं होतं, ग्राहक हाच आपला मालक. पुढच्यावर सौजन्य. त्याच्या पुढच्यावर तत्परता. शेवटापर्यंत तसंच.

सोबत विभागीय कार्यालयाचं पत्र होतं. या तक्त्यांवरून शाखेतल्या शाखेत प्रशिक्षण घ्यावं, कर्मचाऱ्यांकडून नाटकासारखे प्रसंग करून घ्यावेत, इतरांनी निरीक्षण करावं. महिनाअखेरीस जबलपूरहून प्रशिक्षण अधिकारी ते बघायला येणार होते.

मी नुकतीच क्लार्कची ऑफिसर झाले होते आणि भोपाळला अशाच एका वर्गाला जाऊन आले होते. बालाघाटच्या शाखेत ऑफिसर बाई मी एकटीच. काम माझ्या गळ्यात पडणार हे पार्सल बघूनच कळलं होतं. पुढचं मात्र कळलं नव्हतं.

"एक सीन बडेबाबू पर बनाइए," मॅनेजरसाहेब म्हणाले. "सेव्हिंग का काउंटर. वही करेंगे. और देखनेवाले जो लिखेंगे, वो सारे काग़ज़ मेरे पास आएँगे."

बडेबाबू म्हणजे आमचे सगळ्यांत जुने क्लार्क. मूळचे तुमसरकडचे. बचत खात्याच्या काउंटरवर बसत. त्यांच्याविरुद्ध खाणीतल्या लोकांची लेखी तक्रार आली होती: बाबू उत्तर देत नाही, पुन्हा विचारलं तर अंगावर येतो. साहेबांना ते प्रकरण त्यांच्या गोपनीय अहवालात घालायचं होतं आणि पुरावा माझ्या हातून तयार व्हायला हवा होता.

"सर, असं केलं तर कोणी मोकळेपणानं करणार नाही," मी म्हटलं.

"आप बनाइए तो."

मी तक्ते उचलून माझ्या टेबलाकडे आले. नवी नवी ऑफिसर, वर्षभरात कायम व्हायचं की नाही हे याच माणसाच्या शेऱ्यावर ठरणार होतं.

तक्त्यांसोबत निरीक्षकांसाठी एक नमुना होता. कर्मचारी नम्र होता का? दहापैकी गुण द्या. आत्मविश्वास होता का? दहापैकी गुण द्या. मी तो बाजूला ठेवला. नम्र म्हणजे काय, हे दहा जण दहा तऱ्हेनं ठरवतील आणि ज्याचं ज्याच्याशी वाकडं आहे तो त्याला शून्य देईल. भोपाळच्या वर्गात एक गोष्ट पक्की शिकवली होती. निरीक्षकानं मत लिहायचं नाही. डोळ्यांना दिसलं आणि कानांना ऐकू आलं तेवढंच लिहायचं.

मग एकेक तक्ता घेऊन मी स्वतःला विचारत बसले, हे काउंटरवर दिसेल कसं? सौजन्य. ग्राहक आल्यावर पेन खाली ठेवून वर बघितलं का? समजून घेणे. उत्तर देण्याआधी काही विचारलं का, आणि काय विचारलं? ग्राहकाचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत परत सांगून खात्री केली का? मार्गदर्शन. पुढच्या खेपेला काय आणायचं, कोणाला भेटायचं, हे सांगितलं का? प्रत्येकापुढे हो किंवा नाही, आणि मोठी रिकामी जागा, तिथे प्रत्यक्ष बोललेले शब्द. ग्राहक येतो तिथपासून जातो तिथपर्यंत, घडतं त्याच क्रमानं. एका निरीक्षकाला सगळं बघायला लावलं तर तो काहीच बघत नाही, म्हणून दोघांत वाटून दिलं.

प्रसंगांसाठी दोन वेगळी कार्डं. कर्मचाऱ्याच्या कार्डावर काउंटरवर बसलेल्याला कळेल तेवढंच. ग्राहकाच्या कार्डावर त्याची खरी अडचण, तो कसा बोलतो, आणि विचारल्याशिवाय काय सांगायचं नाही. तक्रारीतला खाणकामगार मी घेतला नाही. खऱ्या माणसाचं भांडण नाटकात आणलं की शिकणं राहतं बाजूला, बचाव सुरू होतो. त्याऐवजी एक विधवा बाई घेतली. नवरा वारला आहे, त्याच्या खात्यात थोडे पैसे आहेत, सासरच्यांना खात्याची खबर नाही. ती डोक्यावरचा पदर तोंडावर ओढून हळू आवाजात बोलते. रांगेतल्या लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून.

शनिवारी अर्धा दिवस कामकाज झाल्यावर रंगीत तालीम घेतली. साहेब बाहेर गेले होते, ते बरंच होतं. विधवेचं कार्ड आमच्या टायपिस्ट मुलीला दिलं. बुद्ध विहाराजवळच्या वस्तीतली, पहिलीच नोकरी, पण नकला करण्यात पटाईत. बडेबाबू त्यांच्या जागेवर बसले.

ती आली. पदर ओढला. जाळीपाशी वाकून कुजबुजली. बडेबाबू वहीत बघत होते. ती पुन्हा कुजबुजली. त्यांनी वर बघितलं, म्हणाले, "पासबुक द्या."

"पासबुक त्याईच्या नावाचं हाय. ते आता नाईत."

"मंग सही करा न् काढा पैसे."

कोणीतरी खुदकन हसलं. ती बिचकली, तरी कार्डाप्रमाणे आणखी हळू बोलली, "ते वारले, बाबूजी."

"अवं, मंग फारम भरा ना! कितीक खेपा सांगू?" बडेबाबू गरजले. मान लाल झाली होती. हसणारे गप्प झाले.

मी प्रसंग थांबवला. बडेबाबूंना ऐकू येत नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. पदर तोंडावर असला की त्यांना काहीच पोहोचत नव्हतं. एरवी ते लोकांच्या ओठांकडे बघून भागवत होते. तक्रारीतलं "उत्तर देत नाही" आणि "अंगावर येतो" दोन्ही एकाच गोष्टीतून येत होतं, आणि ती गोष्ट सौजन्याच्या तक्त्यावर नव्हती.

सगळे गेल्यावर मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. तोंड नीट दिसेल अशी.

"बडेबाबू, कधीपासून?"

त्यांनी समजलं नाही असं दाखवलं नाही. चष्मा काढून पुसत बसले.

"डाव्या कानाचं तं गेलंच बाई. उजव्यानं बरं येते. गर्दी झाली का नुसता गलबला." चष्मा लावत म्हणाले, "डॉक्टरकडे गेलतो नागपूरले. घरी सांगतलं, दाढ दुखते."

"बँकेत का नाही सांगितलं?"

"काहून सांगू? अनफिट म्हणतीन न् घरी बसवतीन. पोरीचं लग्न व्हायचं हाय." मग एकदम माझ्याकडे झुकून म्हणाले, "तो प्रसंग बदला. बाईले मोठ्यानं बोलू द्या. तुमच्या हातातलं हाय."

खरंच माझ्या हातात होतं. एक ओळ खोडली की झालं. रविवारभर मी ती कार्डं घेऊन बसले. ओळ खोडली तर बडेबाबू वाचतात, पण मग कुजबुजणाऱ्या खऱ्या बायांना कोण विचारणार? तशा बाया तिरोडीकडून, कटंगीकडून रोजच येत होत्या आणि जाळीपाशी आपल्या घरचं दुःख सगळ्यांसमोर ओरडून सांगत होत्या. ठेवली तर साहेब आणि जबलपूरचा अधिकारी यांच्यासमोर एका माणसाची लाज जाणार होती.

शेवटी ओळ ठेवली. कर्मचाऱ्याच्या कार्डावर एक वाक्य वाढवलं: तुमच्या टेबलाच्या बाजूला एक खुर्ची आहे, हवी तर वापरा. निरीक्षकांच्या यादीत एक कलम घातलं: खाजगी बोलणं इतरांना ऐकू जाऊ नये म्हणून काय केलं? सोमवारी बडेबाबूंना सांगितलं की बाई हळूच बोलेल. खुर्ची कोणत्या अंगाला ठेवायची ते तुम्ही ठरवा, आणि करायचं नसेल तर मी दुसऱ्याला देते.

"तुम्ही बी त्याईच्याच," एवढंच ते म्हणाले. त्यानंतर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. चहाला मारलेली माझी हाकसुद्धा त्यांनी ऐकली नाही, आणि या खेपेला कानाचा दोष नव्हता.

जबलपूरचे अधिकारी आले ते बारीक चणीचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. मॅनेजरसाहेब त्यांच्या शेजारी बसले. पहिले दोन प्रसंग ठीक झाले. तिसऱ्याच्या वेळी मी म्हटलं, "बचत खातं. कोण करणार?" साहेब बडेबाबूंकडे बघत होते.

बडेबाबू उठले. जागेवर बसायच्या आधी खुर्ची ओढून उजव्या अंगाला ठेवली.

टायपिस्ट आली, पदर ओढून कुजबुजली. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाई, मले एका कानानं येत नाई. इकून या, या खुर्चीवर बसा. न् पदर थोडा बाजूले घ्या, मले तुमचं तोंड दिसलं पायजे."

ती गोंधळली, हे कार्डावर नव्हतं. मग जाऊन बसली. त्यांनी उजवा कान तिच्याकडे केला आणि सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हणजे मालक वारले, न् घरच्याले खात्याचं मालूम नाई. बरोबर?" मग मृत्यूचा दाखला, वारसांची नावं, जामीनदार, एकेक करून सांगितलं, कागदावर लिहून दिलं आणि कोणाला भेटायचं तेही. टायपिस्ट जायला उठली तेव्हा खरोखर नमस्कार करून गेली.

नियमाप्रमाणे आधी प्रसंग करणाऱ्यानं बोलायचं होतं. बडेबाबू म्हणाले, "मले बोलाचं ते बोललो." ग्राहक झालेली टायपिस्ट म्हणाली, "बसायले सांगतलं तवा मले धीर आला." मग निरीक्षकांनी वाचून दाखवलं, फक्त घडलेलं, शब्दाला शब्द.

मॅनेजरसाहेबांनी हात पुढे केला. "शीट्स इधर दीजिए. अब तो मेडिकल का मामला है."

मी कागद छातीशी धरले. "सर, हे कागद ज्यानं प्रसंग केला त्याचे. सुरुवातीला सगळ्यांना तसं सांगूनच बसवलंय."

साहेबांचा चेहरा मी अजून विसरले नाही. जबलपूरच्या अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. "मैडम ठीक कह रही हैं," ते म्हणाले. "ये सीखने के काग़ज़ हैं, रिपोर्ट के नहीं." मग बडेबाबूंकडे वळून, तोंड दिसेल असे समोर येऊन, त्यांनी विचारलं की कानाचं मशीन लावून पाहिलंय का.

मी कागद बडेबाबूंच्या हातात दिले. त्यांनी न वाचताच घडी करून खिशात ठेवले.

त्यांना कोणी घरी बसवलं नाही. पण सगळं गोडही झालं नाही. साहेबांनी माझा कायम होण्याचा शेरा बरेच महिने लांबवला. बडेबाबूंनी यंत्र आणलं, छातीवर डबी आणि कानापर्यंत वायर, गर्दीत ते शिट्टी मारायचं आणि बडेबाबू चिडून काढून ठेवायचे. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःच अर्ज करून खातेवह्या तपासण्याचं काम मागून घेतलं. काउंटर सोडताना त्यांना वाईट वाटलं. मलाही वाटलं. त्यांच्या जागी टायपिस्ट मुलगी बसायला लागली.

माझ्याशी त्यांचं बोलणं हळूहळू सुरू झालं, पण त्या प्रसंगाबद्दल आम्ही कधी बोललो नाही. एकदाच, पोरीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आले तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही खोडलं असतं तं मी वाचलो असतो. मंग किती दिवस वाचलो असतो, कोणाले माहीत." मी त्यांना बसा म्हटलं आणि चहा मागवला.