फुल इन्शुरन्स

पंचगंगेचं पाणी आमच्या पार्किंगमध्ये शिरलं. ते ओसरल्यावर मी घाईनं गाडीला चावी मारली आणि इंजिन बसलं. इंजिनचा खर्च कंपनीनं नाकारला. संतापून मी शाहूपुरीत एजंटच्या ऑफिसात गेलो आणि पॉलिसीचा कागद टेबलावर आपटला.

"फुल इन्शुरन्स हाय म्हणालतास की!"

"दादा, या कागदावर फुल हा शब्द कुठं हाय ते दावा," म्हणत त्यानं बोट फिरवलं. आयडीव्ही, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पार निकामी झाली तर मिळणारी रक्कम. नो क्लेम बोनस, म्हणजे पाच वर्षं क्लेम न केल्याची हप्त्यातली सूट. हिच्यावर मी गावभर मिरवत होतो. शेवटी अ‍ॅड-ऑन, म्हणजे जादा पैसे भरून घ्यायची कव्हरं. त्या रकान्यात एकच नाव, झीरो डेप. बदललेल्या पार्टचा घसारा कापणार नाहीत, एवढंच.

"पाण्यानं गेलेल्या इंजिनला इंजिन प्रोटेक्ट लागतंय. ते न्हाय."

"मग आधी सांगायला तोंड नव्हतं तुला?" मी ओरडलो.

त्यानं मोबाईल पुढं केला. त्याचा मेसेज होता, "नदीकाठाला राहताय, इंजिन प्रोटेक्ट टाकू का?"

खाली माझं उत्तर, "फालतू काय घालू नकोस. फुल कर."