चौथं बटन

टॅक्सी कंपनीच्या फोनवर बसणाऱ्या बाईला सगळे ड्रायव्हर मावशी म्हणायचे. तिच्या नजरेचा मधला भाग गेलेला, कडेकडेचं तेवढं दिसायचं. समोर उभा माणूस म्हणजे दोन कान आणि मधे धुकं. आधी ती स्क्रीनवरची अक्षरं मोठी करून वाचायची. पण ती एवढी मोठी करावी लागायची की एका वेळी चारच अक्षरं मावायची, आणि पत्ता पुरा वाचेपर्यंत गिऱ्हाईक चालत घरी पोचायचं. मग तिने स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्राम शिकून घेतला. एका कानात त्याचा आवाज, दुसऱ्या कानाला फोन. त्याचा वेग तिने असला वाढवला होता की बाकीच्यांना वाटायचं, डब्यात वाटाणे हलवतायत.

आणि कामाला? तिच्या तोडीचं त्या ऑफिसात कुणी नव्हतं. उगाच वाढवून सांगत नाही.

त्या दिवशी सकाळी मात्र तीन गिऱ्हाइकांचे फोन आले. गाडी कुठाय? मॅनेजर तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"मावशी, तिन्ही बुकिंग तुमच्या हातून रद्द झालीत."

"माझ्या हातून? शक्यच नाही."

"कॉम्प्युटर खोटं बोलतो का?" तो जरा नरमला. "हे बघा, तुम्ही उद्यापासून आतल्या खोलीत कागद लावा. फोन दुसरं कुणीतरी घेईल."

"कागद? मला? कागद काय बोलतात का माझ्याशी?"

कोपऱ्यात चहा पीत बसलेला बुटका ड्रायव्हर फिस्सकन हसला. मॅनेजर नाही हसला. "संध्याकाळपर्यंत काय चुकलं ते शोधा," म्हणाला आणि शेजारच्या कॉम्प्युटरवर फोन घ्यायला स्वतःच बसला.

रडत बसणारी बाई नव्हे मावशी. कंपनीचा बुकिंगचा प्रोग्राम बनवणाऱ्या दाढीवाल्याला तिने फोन लावला आणि "आत्ताच्या आत्ता ये" एवढंच म्हणाली. तो तासाभरात आला. स्क्रीनकडे बघून म्हणाला, "सगळं तर व्यवस्थित आहे, मावशी. ही हिरवी गाडी, पाठवायला. ही लाल फुली, रद्द करायला. किती साफ दिसतंय!"

"कुणाला?"

दाढीवाल्याने माउसकडे हात नेला.

"बस इथं. माउसला हात लावायचा नाही. हे घाल कानात." तिने आवाजाचा वेग एकदम कमी केला. "पत्त्याच्या खान्यातून टॅबची कळ दाबत एकेका बटनावर जा."

त्याने दाबलं. बटन. परत दाबलं. बटन. बटन. बटन.

"मावशी, हा नुसता बटन बटन करतोय."

"मग? चित्रं लावलीस, नावं कुठं दिलीस? तो वाचणार काय, तुझं डोकं? मी मोजून काम करते. चौथं बटन दाबलं की गाडी जाते. दोन महिने जात होती."

दाढीवाल्याने कानातलं काढलं. चेहरा पडला होता त्याचा. "काल रात्री मी एक बटन वाढवलं. ताऱ्याचं चित्र, नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी. सगळ्यात पुढं."

"म्हणजे जे तिसरं होतं..."

"ते आता चौथं. फुलीचं."

"अरे बाबा!" मावशीने टेबलावर थाप मारली. "आणि इथं मला कागद लावायला बसवतायत!"

"आता नावं लिहितो. पण चित्रांखाली अक्षरं आली तर सगळी मांडणी बिघडेल."

"डोळ्यांना दाखवू नकोस ना. आतल्या आत लिही, वाचणाऱ्याला कळलं की झालं."

"ते जमतं. दहा मिनिटांचं काम आहे."

"दहा मिनिटांचं? आणि माझी सकाळपासून वाट लागलीये."

दाढीवाला खाली मान घालून कामाला लागला. तेवढ्यात शेजारी मॅनेजरने डोळ्यांनी बघून, माउस धरून, एकाच म्हातारीकडे दोन गाड्या पाठवल्या. त्यातली एक घेऊन गेलेला बुटका रेडिओवर ओरडायला लागला, "मावशी, आजींना दोन तुकडे करून नेऊ का?"

दाढीवाल्याने हातानेच "झालं" म्हणून खूण केली, मग जीभ चावून तोंडाने सांगितलं. मावशीने वेग परत वाढवला. फोन वाजला. पत्ता टाईप करत तिने टॅब मारायला घेतला. नेहमीचं गिऱ्हाईक, बटन. बिल, बटन. पत्ता बदला, बटन. बुकिंग रद्द करा, बटन. तिचं बोट क्षणभर थांबलं, पुढं सरकलं. गाडी पाठवा, बटन. एंटर.

"मिळाली, मावशी, निघालो!" बुटका रेडिओवर म्हणाला.

पुढच्या तासात तिने एकवीस गाड्या काढल्या, एकही चुकली नाही. दाढीवाल्याने मॅनेजरला बाजूला घेऊन चूक आपली असल्याचं सांगितलं. मॅनेजर घसा खाकरत आला.

"मावशी, ते कागदांचं राहू दे."

"बरं. आता तुम्ही त्या फोनवरून उठा," ती म्हणाली. "दोन्ही लाइनी मीच घेते. त्या आजी अजून दुसऱ्या गाडीवाल्याशी भांडतायत."