सेझमधली नवी भरती

आमच्या घरात करसवलतीवरून जितकी भांडणं झाली, तितकी सासूसुनेवरूनही झाली नसतील. नवरा सीए. निर्यात करणाऱ्या कंपन्यांना सवलती मिळवून देणं हाच त्याचा धंदा. मी सॉफ्टवेअर कंपनीत, म्हणजे त्या सवलतीच्या खाली काम करणारी. तो म्हणायचा, सवलत आहे म्हणून गुंतवणूक येते. मी म्हणायची, येणारा येतोच, तुम्ही उगाच त्याच्यापुढे पायघड्या घालता. मग आमटी गार व्हायची आणि मुलगा ताट उचलून टीव्हीसमोर जाऊन बसायचा.

माझी कंपनी एरंडवण्यातली. एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आम्ही मूठभर लोकांनी सुरू केलेली. मालक तेव्हा स्वतः चहा आणायचे. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांचे दावे निकाली काढायचं सॉफ्टवेअर आम्ही बनवायचो आणि त्याच्या पोटात काय चालतं हे मला झोपेतही सांगता आलं असतं. सुरुवातीला सॉफ्टवेअर निर्यातीला जी करमाफी होती, तिच्यावरच कंपनी मोठी झाली. हे मी नवऱ्यापुढे कधी कबूल केलं नाही, पण ते खरं आहे. पुढे ती माफी संपली आणि पूर्ण कर लागायला लागला. मालकांच्या चेहऱ्यावर तेव्हापासून जी आठी पडली, ती सेझमध्ये जागा घेईपर्यंत गेली नाही.

सेझ म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र. हडपसरच्या पुढे, काचेच्या इमारती, भोवती कुंपण, फाटकावर तपासणी. तिथे नवीन युनिट काढलं की निर्यातीच्या नफ्यावर पहिली पाच वर्षं पूर्ण सूट, पुढची पाच निम्मी.

"म्हणजे गाव तेच, कंपनी तीच, गिऱ्हाईक तेच. फक्त एरंडवण्यातून हडपसरला गेलं की गुंतवणूक आली?" मी विचारलं.

"अगं, म्हणूनच तर अटी आहेत," नवरा म्हणाला. शिक्षक वर्गात शिरतो तसा त्याचा आवाज झाला. "जुना धंदा मोडून त्याचेच तुकडे नव्या नावाने मांडता येत नाहीत. वापरलेली यंत्रं एका मर्यादेपलीकडे नेता येत नाहीत. जुनी तांत्रिक माणसंसुद्धा किती न्यायची त्याला मर्यादा आहे. पहिलं आर्थिक वर्ष संपताना नव्या युनिटमधल्या तांत्रिक माणसांत जुन्या युनिटमधून नेलेली निम्म्याहून जास्त नकोत. बाकीची बाहेरून घ्यायची. मग रोजगार वाढतो की नाही?"

अट अगदी रास्त होती. ती माझ्यावर येऊन पडेल हे तेव्हा आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

जूनमध्ये नवं युनिट सुरू झालं. कोण जाणार हे ठरवताना मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तुम्ही सध्या इथेच थांबा. जुनी गिऱ्हाईकं तुम्हाला ओळखतात. आपण वर्षभराने बघू." आपण! मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते. ते 'आपण' म्हणाले की काम फक्त समोरच्याने करायचं असतं. तरीही मी मान डोलावली. दुसरं काय करणार होते?

घरी येऊन सांगितलं तेव्हा नवऱ्याने पटकन विचारलं, "नवे करार कुणाच्या नावावर होताहेत?"

"सेझमधल्या युनिटच्या."

तो पाणी प्यायला उठला. मी मागे लागले तेव्हा म्हणाला, "जुने करार तिकडे हलवले तर अंगाशी येतं. म्हणून ते संपू द्यायचे आणि नवे तिकडे करायचे. त्यात काही बेकायदेशीर नाही गं."

"मग इकडे काय उरतं?"

"बघू," तो म्हणाला. त्याच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. तो नेहमी कलम सांगायचा.

एरंडवण्यात उरलं ते जुने संगणक आणि आम्ही. गणपतीपर्यंत एक गिऱ्हाईक गेलं, नवरात्रात दुसरं. गेलं म्हणजे हडपसरला गेलं. तिथे भरलेल्या नव्या पोरापोरींना विम्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून आठवड्यातून दोनदा मला त्यांना शिकवायला धाडत. कंपनीचीच मी, पण त्या युनिटची नाही, म्हणून फाटकावर पाहुण्याचा पास. माझ्या लॅपटॉपची आत जाताना नोंद, बाहेर येताना नोंद. वर सगळं कोरं करकरीत. खुर्च्यांवरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं.

माझ्या वर्गात लोणी काळभोरची एक मुलगी होती. तिथल्याच कॉलेजातून इंजिनिअर झालेली, पहिलीच नोकरी. आमच्याशी इंग्रजी झाडायची आणि घरून फोन आला की, "हाय, कामावर हाय मी," म्हणून हळूच बोलायची. अतिशय हुशार. एखादा दावा का अडकला हे मी एकदा दाखवलं की दुसऱ्या दिवशी तीच मला तिसरीच वाट दाखवायची. तिच्या वडिलांचं फाटकाबाहेर झेरॉक्सचं दुकान होतं आणि सेझ आल्यापासून ते चांगलं चाललं होतं. एकदा जेवताना मी तिला विचारलं, "हे सेझ नसतं तर तू काय केलं असतंस गं?"

"काय माहीत, मॅडम," ती म्हणाली. "मिळाली असती कुठेतरी. किंवा नसतीही."

हेच मी रात्री नवऱ्याला सांगितलं, माझा मुद्दा म्हणून. तो म्हणाला, हाच माझाही मुद्दा आहे. सवलत नसती तर काय झालं असतं हे कुणालाच दाखवता येत नाही; तुझी कंपनी तिकडे फिलिपाइन्सला, मनिलाला गेली असती की इथेच राहिली असती हे मालकालाही सांगता येणार नाही. विचारलं तर तो सवलतीमुळेच आलो म्हणणार, कारण नाही म्हटलं तर सवलत जाईल. "मग भांडतो कशाला आपण?" मी म्हणाले. आम्ही दोघंही हसलो. त्या वर्षातलं ते शेवटचं हसू असावं.

दिवाळीनंतर एचआरच्या बाईंनी बोलावलं. एरंडवण्याचं युनिट बंद होत होतं, कामाअभावी. राजीनामा दिलात तर तीन महिन्यांचा पगार. "मला तिकडे घ्या," मी म्हणाले. "तिकडच्या मुलांना मीच शिकवते आहे." त्या खरंच कळवळून बोलल्या, "मॅडम, जुन्यांची मर्यादा भरलीय. तुम्हाला घेतलं तर एका तुमच्यासाठी सगळ्या युनिटची सवलत धोक्यात येते." मी मालकांकडे गेले. त्यांनी उठून खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि हात वर केले. कायदाच तसा आहे हो, म्हणाले.

कुणावर चिडावं तेच समजेना. मालक खोटं बोलत नव्हते. कायदा वाईट नव्हता. एचआरच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. मग मी नवऱ्यावर चिडले, तो हाताशी होता. "तुमचीच अट आहे ना? काढा आता पळवाट!" मी ओरडले. त्याने रात्रभर परिपत्रकं चाळली. दुसरा एक मार्ग होता, कंपनीच्या सगळ्या युनिट्समध्ये मिळून सेझमधल्या निम्म्या माणसांइतकी नवी तांत्रिक माणसं वाढलेली दाखवायची. पण एरंडवणं रिकामं होत असताना बेरीज वाढणार कशी? सकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि नुसता म्हणाला, "नाही गं." मला त्याची दया आली, आणि दया आली याचाही राग आला.

राजीनामा दिला आणि घरी बसले. कर्वेनगरमधल्या आमच्या सोसायटीत दुपारी इतकी शांतता असते हे मला पहिल्यांदाच कळलं. चार ठिकाणी मुलाखती दिल्या. सगळीकडे पोरं समोर. माझं वय बघून जरा जास्तच आदराने बोलायची, आणि मग काही कळवायची नाहीत. फ्लॅटचे हप्ते होते, मुलाचा क्लास होता, पण ते एक वेळ निभलं असतं. मला काम येत होतं आणि ते कुणाला नको होतं, हे सहन होत नव्हतं.

फेब्रुवारी संपताना फोन आला. एचआरच्याच बाई. पंधरा-वीस नवी मुलं दुसऱ्या कंपनीने पळवली होती. मार्चअखेरीला जुन्यांचं प्रमाण निम्म्याच्या वर जाण्याची भीती होती, म्हणून बाहेरून माणसं हवी होती, तीही लगेच. "तुम्ही आता बाहेरच्याच ना, मॅडम," त्या चाचरत म्हणाल्या. पगार पूर्वीपेक्षा बराच कमी. पद खालचं. जुनी वर्षं धरणार नाहीत, सेवा नव्याने मोजणार.

"हे चालतं?" मी नवऱ्याला विचारलं.

"कंपनीने केलेली बदली नाही. तू सोडून गेलीस, बाजारातून आलीस." तो माझ्याकडे बघत नव्हता. "अधिकाऱ्याने खोलात जाऊन विचारलं तर वाद होईल. पण तो कंपनीचा वाद." मग म्हणाला, "नको जाऊस."

"मग दुसरं काय करू, सांगा ना." मी सोमवारी गेले.

फाटकावरच्या रखवालदाराने पाहुण्यांचं रजिस्टर पुढे सरकवलं. मी म्हटलं, आता कायमची आले. ओळखपत्रासाठी फोटो काढायचा त्याचा कॅमेरा सुरू होईना, तोवर ऊन माझ्या डोक्यावर. वर गेले तर लोणी काळभोरची मुलगी धावत आली आणि माझ्यासमोर येऊन थबकली. "मॅडम, तुम्ही माझ्या टीममध्ये आहात," ती म्हणाली. लाजेने तिचे कान लाल झाले होते. "मी सांगितलं होतं त्यांना, उलटं करा म्हणून." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिचा त्यात काय दोष?

दुपारी सेझच्या कार्यालयातले अधिकारी युनिट पाहायला येणार होते. मालकांनी आम्हाला मोठ्या हॉलमध्ये जमवलं आणि आलेल्या अधिकाऱ्यांना हे युनिट कसं शून्यातून उभं राहिलं ते सांगितलं. मग म्हणाले, "या वर्षी आमच्याकडे नव्याने लागलेल्यांनी जरा उभं राहा बरं."

भोवतीची मुलं उभी राहिली. बावीस-तेवीस वर्षांची, हसरी. मी बसूनच होते. मागून एचआरच्या बाईंनी खांद्याला हलकेच बोट लावलं. मी उठले. मालकांची नजर रांगेवरून फिरत आली आणि माझ्यावर थांबली. बंगल्यातला चहा त्यांना आठवला असेल की नाही, देव जाणे. त्यांनी नजर खाली घेतली आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

रात्री ताटं वाढताना नवऱ्याने विचारलं, "काय झालं आज?"

"नवीन रोजगार मोजले," मी म्हणाले. "त्यात मी होते."

त्या एवढ्या वाद घालणाऱ्या माणसाने माझ्या ताटात भात वाढला, वर तूप घातलं आणि माझं जेवण होईपर्यंत समोर बसून राहिला.