चार स्लॉट आणि आबांची खोली

आमच्या सासऱ्यांना, म्हणजे आबांना, रिकामं काही बघवत नसे. शेजारणीचा डबा परत द्यायचा तर त्यात गुळाचा खडा तरी हवा. माठ अर्धा झाला की लगेच भरायचा, कोठीच्या तळाशी चार मुठी दाणे कायम ठेवायचे. घर धुळ्याच्या कडेला, शेत तिथून सायकलवर जाण्याइतकं जवळ. शेतात कापूस. तो वेचून आला की घराच्या मागच्या खोलीत गच्च भरायचा, ही घरातली पद्धत माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीपासूनची.

आणि मी मागितली नेमकी तीच खोली. माझं माहेर जळगावचं. तिथेच मी डीटीपी शिकले होते आणि लग्नानंतर मला लग्नपत्रिका, हँडबिलं, वह्यांची मुखपृष्ठं अशी कामं घ्यायची होती. आबा नाही म्हणाले नाहीत, पण हो म्हणताना अट घातली. दसऱ्यापर्यंत खोली तुझी. तोवर एखादं ठोक काम पुरं करून दाखवलंस तर कायमची तुझी, नाहीतर कापूस यायच्या आत टेबल बाहेर. माणूस सरळ होता, मनात काही ठेवायचा नाही. मला मात्र त्या अटीचा असा राग आला होता की दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

ठोक काम मिळालं ते बियाण्यांच्या एका दुकानाचं. बारा पानांचं रंगीत कॅलेंडर. प्रत्येक पानावर पिकाचा मोठा फोटो, स्कॅन करून, साफ करून, नाव-तारखा बसवून फाइल जळगावला छपाईची फिल्म काढायला न्यायची. एकोणीसशे नव्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. माझं मशीन जळगावच्या एका दुकानदाराने जोडून दिलेलं, साडेतीनशे मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, चौसष्ट एमबीच्या दोन रॅम. पत्रिकांना ते भरपूर होतं. कॅलेंडरचं एक पान उघडलं की मात्र हार्ड डिस्क घरघरायला लागायची आणि मी हात जोडून बसायची.

रॅम वाढवायची हे ठरलं. मी कॅबिनेट उघडून धूळ पुसत होते तेव्हा आबा मागे येऊन उभे राहिले. त्यांनी बोर्डवरचे चार स्लॉट पाहिले, दोन भरलेले, दोन रिकामे. झालं. ह्या दोन जागा खाली कशाला, म्हणून त्यांनी मला धारेवर धरलं. मी म्हटलं, ह्या जुन्या काढून दोन मोठ्या बसवू या, पुरे होईल. चांगल्या चालत्या वस्तू काढायच्या? त्यांना ते पटेना.

"बठ्ठ्या जागा भरी टाक," ते म्हणाले. सगळ्या जागा भरून टाक.

आणि काय सांगायचं, त्यासाठी ते स्वतः माझ्याबरोबर एसटीत बसून जळगावला आले. दुकानदाराला मी भाऊ म्हणायचे, तो मला ताई. त्याने एकशे अठ्ठावीस एमबीच्या दोन रॅम काढून दिल्या, बोर्डला चार स्लॉट आहेत, बसतील म्हणाला. पैसे आबांनी दिले आणि पिशवी येताना मांडीवर घेऊन बसले. मी मनातला राग पारोळा येईपर्यंत सोडून दिला. घरी आल्यावर मी त्या बसवल्या. मशीन चालू होताना स्क्रीनवर मेमरीचा आकडा भराभर चढत तीनशे चौऱ्याऐंशीवर जाऊन थांबला. आबा जिल्ह्यात पहिले आल्यासारखे खूश झाले.

दुपारी कॅलेंडरमधल्या केळीच्या पानावर काम करताना फोटोतून हिरवी-गुलाबी रेघ आडवी गेली. मला वाटलं स्कॅनरची काच. पुसली. मग मशीन जागच्या जागी गोठलं. पुन्हा चालू केलं, तासाभराने निळा स्क्रीन. दुसऱ्या दिवशी सेव्ह केलेलं ज्वारीचं पान उघडलं तर अर्ध्या कणसावर ठिपक्यांचा चिवडा. सेव्हच तसं झालेलं, सगळी मेहनत पाण्यात. मी कपाळाला हात लावला. मग एकेकावर संशय. व्होल्टेज असेल म्हणून स्टॅबिलायझर बदलला, व्हायरस असेल म्हणून फ्लॉपीवरून तपासलं, ऊन असेल म्हणून कॅबिनेटसमोर टेबलफॅन लावला. कशाने काही होईना. दसरा जवळ आलेला आणि माझा जीव टांगणीला.

शेवटी मनात आलं, नव्या रॅम खराब असणार. त्या काढल्या. मशीन मुकाट्याने चाललं, संथ, पण चाललं. मला अगदी विजय मिळाल्यासारखं झालं. मग खात्री करायला जुन्या काढून फक्त नव्या बसवल्या. आता त्या खराब तर मशीन पडायला हवं ना? छे, संध्याकाळपर्यंत एकही रेघ नाही. स्लॉट बदलून पाहिले, तरी नाही. चारही बसवल्या की मात्र फोटो फाटायला सुरुवात. चारही चांगल्या आणि चौघी एकत्र आल्या की भांडण, हे कसलं गणित? माझं डोकंच फिरलं.

एसटीडी बूथवरून दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, ताई, बोर्डवर जंपर आहे, दोन पिनांवरची छोटी टोपी, ती हलवून बसचा, म्हणजे बोर्डवरच्या ठोक्याचा, वेग शंभरवरून सहासष्टवर आणा आणि बघा. आणला. चारही रॅम लावून मशीन दिवसभर चाललं, एकदाही न पडता. पण त्या जंपरने प्रोसेसरही खाली आला, कारण तो बसच्या साडेतीनपट चालतो. साडेतीनशेचा होता, तो जेमतेम दोनशे तेहतीसचा झाला. फोटो थोडा फिरवायचा म्हटलं की मी पोळ्या लाटून परत येईपर्यंत घड्याळाचं चित्र फिरतच होतं. एवढी मेमरी घालून मशीन आधीपेक्षा ढिम्म! ह्या वेगाने बारा पानं दसऱ्यापर्यंत होणार नव्हती, हे मला तिथेच समजलं.

दुसऱ्या दिवशी चारही रॅम त्यांच्या चंदेरी पिशव्यांत घालून मी जळगावला गेले. एसटीत मनातल्या मनात भांडणाची सगळी तयारी केली होती. दुकानात पाय ठेवताच सुरू केलं की चार स्लॉट आहेत म्हणून तुम्हीच दिल्या, आता चार का चालत नाहीत? त्याने आधी पाणी दिलं. मग माझी जुनी आणि नवी रॅम काउंटरवर शेजारी-शेजारी ठेवली.

जुन्या रॅमवर एकाच बाजूला आठ चिप होत्या, नवीवर दोन्ही बाजूंना आठ-आठ. आम्ही त्यांना सिंगल साइड, डबल साइड म्हणायचो. आता मुलं सिंगल रँक, ड्युअल रँक म्हणतात. बाजू म्हणजेच रँक असं दर वेळी नसतं, पण माझ्या रॅमचं तसं होतं. आठ चिप मिळून चौसष्ट तारांचा एक संच. जुनीवर एक संच, नवीवर दोन. एका वेळी उत्तर एकच संच देतो, कारण डेटाच्या तारा सगळ्यांच्या मिळून त्याच. पण कुठल्या पत्त्यावरचं हवं ते सांगणाऱ्या तारा चारही स्लॉटमधल्या सगळ्या चिपना जोडलेल्या. संच गप्प असला तरी त्याच्या चिपचा भार तारेवर असतोच.

"ताई, दोन जुन्यांचे दोन संच, दोन नव्यांचे चार. सहा संच म्हणजे अठ्ठेचाळीस चिप एका तारेला लटकल्या," तो म्हणाला. "शंभरच्या वेगाला सिग्नल नीट चढायच्या आत पुढचा ठोका पडतो. मग शून्य आहे की एक, ते चुकीचं वाचलं जातं. सहासष्टला त्याला चढायला वेळ मिळतो."

म्हणजे माझ्या केळीवरची रेघ चुकीच्या वाचलेल्या शून्य-एकांची होती. मग बोर्डबरोबरच्या माहितीच्या कागदावर चार का लिहितात, मी विचारलं. तो म्हणाला, चार बसतात हे खरंच आहे, पण कुठल्या चार आणि कुठल्या वेगाला, ते बोर्ड आणि रॅम दोन्हीवर. ह्या बोर्डवर चार एकाच बाजूच्या कदाचित चालल्याही असत्या, खात्री तोही देईना. भांडायला आले होते, पण खरं सांगणाऱ्याशी काय भांडणार. फक्त दोन नव्या ठेवा, चार संच, दोनशे छप्पन्न एमबी, शंभरचा वेग, असं त्याने सांगितलं. माझ्या चाचणीत तेच तर चाललं होतं.

आता आबांना सांगायचं होतं. मशीनची पूजा दसऱ्याला, हळदकुंकू ते स्वतः लावणार, आणि उघड्या कॅबिनेटमध्ये दोन स्लॉट पुन्हा रिकामे. मी जुन्या रॅम त्यांच्यासमोर ठेवल्या आणि जमेल तसं सांगितलं. जागा भरल्या की मशीन हळू होतं, हे वाक्य त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. मग त्यांनी सुचवलं की जुन्या नुसत्या टेकवून ठेव, जोडू नको. मी चिडून हसले. टेकवलेल्या रॅमने काय झालं असतं ते मला बघायचंही नव्हतं.

"सरकीचं झाड झाडाला चिकटलं तर बोंडं लागत नाहीत, तसंच ना?" आबांनी विचारलं. तसं नव्हतं. रॅमला ना ऊन लागतं ना खत, ती उपमा साफ चुकीची होती. पण कॅलेंडरची सात पानं बाकी होती, म्हणून मी हो म्हणून टाकलं. ते उठून गेले. पटलं की नाही ते चेहऱ्यावरून कळेना, आणि मला रडू आलं, कारण सगळ्या जागा भरायच्या म्हणून नव्या रॅम त्यांनी किती हौसेने आणल्या होत्या ते मी पाहिलं होतं.

सात पानं झाली. एकही रेघ आली नाही. दसऱ्याच्या आधी फिल्म निघाली आणि बियाण्यांच्या दुकानाच्या मालकाने केळीचं पान पाहून आणखी एक काम सांगितलं. पूजेच्या दिवशी आबांनी मशीनला हळदकुंकू लावलं, दोन रिकाम्या स्लॉटकडे पाहिलं आणि कॅबिनेटचं झाकण लावायला सांगितलं. खोलीबद्दल मात्र बोलले नाहीत. मीही विचारलं नाही, हट्टच होता तो.

पुढे काही दिवसांनी कापसाचा ट्रॅक्टर दारात आला. मी आत टेबलाशी बसून गाठोडी उतरण्याचा आवाज ऐकत होते. आबांनी स्वतःची खाट ओसरीत नेली आणि गाठोडी त्यांच्या झोपायच्या खोलीत लावायला सांगितली. ती खोली भरली तरी थोडी उरलीच. एक मजूर ती घेऊन माझ्या दारात आला. आत डोकावून म्हणाला, इथे अर्धी खोली रिकामीच आहे, ह्या कोपऱ्यात टाकतो.

"त्या खोलीमा काही भरू नका," आबा ओसरीतून म्हणाले. "तिनं काम धिमं पडस." तिचं काम हळू होतं.

मजूर गाठोडी घेऊन मागे वळला. ती गाठोडी रात्री आबांच्या खाटेखाली गेली, आणि त्या हिवाळ्यात ते ओसरीतच झोपले.