पिवळा माळ

गावचा नवा संसाधन नकाशा मीच केलेला, म्हणून ग्रामसभेत तो समजावून सांगायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. पुसेगावकडचं गाव. नकाशा भिंतीला टांगून वळलो, तर सगळे माझ्याकडं चोराकडं बघावं तसे बघत होते.

"जमिनी घ्यायला आलेत," मागून कुणीतरी बोललंच.

मला राग लवकर येतो. "अहो, आधी ऐका तर! हा मोजणीचा नकाशा न्हाई. यानं कुणाचा बांध सरकत न्हाई. कोपऱ्यात रंगांची यादी हाय, ती आधी बघायची. निळं म्हणजे पाणी, हिरवं म्हणजे पीक, पिवळं म्हणजे पडीक. काळा ठिपका म्हणजे विहीर. ती कुठं हाय ते कळंल, तिला पाणी किती ते कळणार न्हाई."

एक म्हातारी मेंढपाळीण उठली, नकाशाजवळ आली. "हे पिवळं कोणतं?"

"मारुतीमागचा माळ, मावशी."

"पडीक कशानं? सारा पावसाळा माझी मेंढरं तिथं चरत्यात!"

सरपंच घाईनं म्हणाले, "नकाशात पडीक हाय ना? मग झालं." त्यांचा ठराव तयार होता: पडीक जमिनीला तारेचं कुंपण घालून झाडं लावायची. कुंपण पडलं की म्हातारीचा कळप जाणार कुठं?

"उपग्रहाच्या फोटोत तसंच दिसतं," मी रेटून म्हणालो.

"फोटो कधीचा?" म्हातारीनं विचारलं.

झाली पंचाईत. फोटो ऐन उन्हाळ्यातला, आणि मी गावात फिरलो तेही तेव्हाच. गवत वाळून गेलेलं. मेंढपाळांच्या घरांना कुलपं, कारण दिवाळीनंतर ते कळप घेऊन बाहेर पडतात ते पावसालाच परततात. त्यांच्याशिवाय मी सगळ्यांना विचारलं होतं. लाज वाटली मला, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चूक माझी," मी म्हणालो. "फोटोत उघडी जमीन दिसली, तिला पडीक मी म्हणालो. ती कोण वापरतं ते फोटो सांगत न्हाई."

सरपंचांनी कपाळाला हात लावला. ठराव पुढच्या सभेवर गेला. मला वाटलं, म्हातारी खूश होईल. छे!

"तोंडचं वाऱ्यावर जातं. तिथंच लिव्ह."

मी पिवळ्यावर तिरप्या रेघा मारल्या, यादीत लिहिलं: 'पावसाळी चराई. उन्हाळ्यात पाहणी केल्यामुळं आधी चुकीनं पडीक दाखवली.' तिनं ते सरपंचांकडून वाचून घेतलं, मग दुसऱ्या एकाकडून पुन्हा. दोघांचं बराबर जुळलं तेव्हा कुठं मान हलवली.

मी शाईचा डबा पुढं केला. "उठवा अंगठा, मावशी."

तिनं हात पदराखाली घेतला.

"माझा अंगठा कशाला? माळ मला ठावं हाय. तुझं नाव लिव्ह, गाव लिव्ह. उद्या कुणी हे खोडलं, तर मी मेंढरं घेऊन तुझ्या दारात येईन."

लिहिलं. आधी नाव, मग गाव.