कवडूच्या केसपेपरातली शंका

"जे झालं नाही ते लिहायचं नाही, अन् जे झालं ते गाळायचं नाही!" दवाखान्याचे जुने कारकून गणपतराव ओरडले.

"मग पगार काय हवेतून देऊ?" मॅनेजर तडकले.

नवीन लागलेल्या सत्यवतीनं हे भांडण फायलींच्या रॅकमागून, हातातलं फडकं तसंच धरून ऐकलं. महिन्याभरात गणपतरावांची नोकरी गेली. त्यांची डुगडुगती खुर्ची अन् दुखण्यांच्या नंबरांचं जाड इंग्रजी पुस्तक तिच्याकडे आलं. पेशंट घरी जाताना डॉक्टरांचं निदान वाचायचं, त्याचा नंबर टाकायचा. ते कागद पिशवीत शिवून एसटीनं खाणीच्या कंपनीकडे जायचे, अन् त्यावर कंपनी दवाखान्याला बिल चुकवायची. दुखणं जेवढं मोठं, तेवढा दर मोठा.

बारा वर्षांनी तेच भांडण तिच्या टेबलाशी आलं. उमरेडच्या खाणीतला कवडू खोकला, ताप घेऊन भरती झाला होता. पहिल्या दिवशी केसपेपरावर होतं, 'न्यूमोनियाची शंका'. नंतर एक्स-रे साफ निघाला. शेवटचं निदान, साधा ब्राँकायटिस, श्वासनळीची सूज; पण वरची 'शंका' कुणी खोडली नव्हती.

"शंका काढा अन् न्यूमोनिया टाका, बाई," नवे मॅनेजर ओमप्रकाशजी म्हणाले. "कंपनीचा पैसा आहे, कवडूचा थोडाच?"

कवडू दारातच उभा होता. "बाई, फुफ्फुसाचं नाव वाचलं का कंपनीचा डॉक्टर मले अनफिट करते. काही लिहूच नका न!"

"थांब गा. तू म्हणतो म्हणूनही नाही, हे म्हणतात म्हणूनही नाही. मी डॉक्टरले विचारतो."

तिनं फायलीची नाडी तीनदा बांधली, तीनदा सोडली. घरी दोन पोरी, नवऱ्याची गिरणी बंद. पानं चाळता चाळता नर्सची नोंद दिसली: कवडूच्या पायातलं गळू चिरून पू काढला. डॉक्टरांच्या कागदावर त्याचं नावच नाही!

ती वसंत डॉक्टरांच्या खोलीबाहेर जाऊन उभी राहिली. बसवेना.

"आता काय काढलं, सत्यवतीबाई?"

"छातीचं शेवटचं निदान काय, अन् पायाचं काय केलं? तुमच्या हातानं लिहा."

"तुम्हीच लिहून टाका ना."

"माझं अक्षर चांगलं आहे, पण माझ्या गळ्यात स्टेथोस्कोप नाही."

डॉक्टर हसले, पेन उघडलं. ब्राँकायटिस, न्यूमोनिया नाही. पायातलं गळू, चीर दिली. खाली सही, तारीख.

ओमप्रकाशजींनी कागद वाचला. गळवापायी बिल थोडं वाढलं होतं, पण त्यांच्या मनाएवढं नाही. "उद्यापासून तुम्ही पेशंटांच्या चिठ्ठ्या फाडायच्या खिडकीवर बसा."

"बसतो," ती म्हणाली. "पण आजची पिशवी माझीच."

तिनं नंबर टाकले, पुस्तक फडक्यानं पुसून कपाटात ठेवलं. कागदांची पिशवी शिवली, एसटी स्टँडवर गेली अन् उमरेडच्या गाडीच्या कंडक्टरला दिली. खिडकीत कवडू बसला होता, पायाला पट्टी.

"पावती द्या," नेहमीसारखं ती कंडक्टरला म्हणाली.